कोन घातला, सूट घातला, तरी मांजर टाके चाटते: नेमकं कुठे चुकतं?

मांजरीचं पिल्लं न होण्याचं ऑपरेशन करून घरी आणलं की पहिले दोन दिवस ती गुंगीत आणि दुखण्यात शांत असते. तक्रार सुरू होते ती तिसऱ्या-चौथ्या दिवशी. गळ्यात कापडी सॉफ्ट कोन आहे, तरी सकाळी पाहावं तर टाक्यांच्या बाजूचे केस ओले. मग कोन काढून अंगात घालायचा कापडी रिकव्हरी सूट घातला जातो, तर सुटावरच ओला डाग दिसतो. पुन्हा कोन, पुन्हा सूट, आणि या अदलाबदलीत जखम लाल होत जाते. ही तक्रार एवढ्या वेळा येते की तिच्यावर सविस्तर लिहायला हवं. पोटावरच्या किंवा कुशीतल्या टाक्यांपुरतंच हे लिहिलं आहे. बोक्याच्या ऑपरेशनला सूट लागतच नाही, कारण ती जखम शेपटीखाली असते आणि सूट तिथे झाकत नाही. बोक्याला कोनच.

पहिल्यांदा एक गोष्ट पक्की समजून घ्या. कोन तोंड अडवतो आणि सूट जखम झाकतो. कोन घातलेल्या मांजरीची जखम उघडी असते, त्यामुळे कोनातून एकदा वाट सापडली की जीभ थेट टाक्यावर जाते. सूट घातलेल्या मांजरीचं तोंड मोकळं असतं, त्यामुळे ती कापडावरून चाटू शकते आणि लाळ झिरपून आत जाते. म्हणून "कोन चांगला की सूट" असा सरळ निवाडा करता येत नाही. तुमची मांजर कुठून वाट काढते आहे ते पाहून ठरवावं लागतं.

चाटलं तर बिघडतं काय

"जनावर चाटते म्हणून तर जखम लवकर भरते" हे गावात हमखास ऐकायला मिळतं. मांजरीच्या जिभेवर मागच्या बाजूला वळलेले कडक काटे असतात. त्या काट्यांनी ती हाडावरचं मांस खरवडते. तीच जीभ टाक्यावर फिरली की दोऱ्याचं टोक काट्यात अडकतं, दोरा ओढला जातो आणि गाठ सैल होते. तोंडातले जंतू ओल्या कातडीतून आत जातात. कातडीच्या कडा एक-दोन दिवसांत वरून चिकटलेल्या दिसतात, पण ते चिकटणं अगदी नाजूक असतं. दहाव्या दिवशीसुद्धा जखमेला मूळ कातडीच्या ताकदीचा लहानसा भागच आलेला असतो. तोवर सगळा भार टाके पेलतात. म्हणूनच बाहेरचे नायलॉनचे टाके साधारण 10 ते 14 दिवसांनी काढतात. आत विरघळणारे टाके असतील आणि बाहेर दोरा दिसत नसेल, तरी एवढेच दिवस जपावं लागतं.

तिसऱ्या दिवसापासून चाटणं वाढतं, कारण तेव्हा खाज सुटते. वस्तऱ्याने किंवा मशीनने केस काढलेल्या जागी खुंट यायला लागतात, कातडी ओढली जाते आणि टाक्याची कापलेली टोकं टोचतात. सातव्या-आठव्या दिवसापर्यंत हा जोर राहतो. काही मांजरींच्या बाबतीत कारण खाज नसून दुखणं असतं. ती एकाच जागी अंग चोरून बसते, हात लावला की गुरगुरते, उडी मारत नाही आणि सारखी त्याच जागी तोंड नेते. अशा मांजरीला कितीही घट्ट कोन बांधा, ती त्याच्याशी झुंजत राहील. तिच्या वेदनेचं औषध पुरेसं आहे का, हे आधी डॉक्टरांना विचारा. घरातली पॅरासिटामॉलची गोळी मात्र चुकूनही देऊ नका. मांजरीच्या शरीरात ती पचवायची सोयच नाही आणि एक गोळीही जीव घेऊ शकते. माणसांच्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्याही तशाच घातक.

रात्री चाटते हे कळायचं कसं

मांजर तुमच्यासमोर फारशी चाटत नाही. चाटण्याच्या खुणा शोधाव्या लागतात. जखमेच्या कडेचे केस एकमेकांना चिकटून टोकदार झाले असतील, तर तिथे जीभ पोचली. नायलॉनच्या दोऱ्याचं टोक सरळ कापलेलं असायला हवं. ते चावल्यासारखं चपटं किंवा पिंजलेलं दिसलं, तर दात लागले. टाक्याच्या रेषेलगत बारीक लाली असणं ठीक आहे. लाली बोटभर रुंद पसरली असेल तर ती चाटल्याची समजा. सूट असेल तर जखमेवरच्या कापडाला हाताची मागची बाजू लावा. ओलावा तळव्यापेक्षा तिथे लवकर कळतो.

कोनाची परीक्षा घ्यायची सोपी रीत आहे. शिजवलेल्या कोंबडीचा मीठ-मसाला नसलेला चिमूटभर तुकडा मांजरीच्या मांडीवर, जखमेपासून चार बोटं मागे ठेवा आणि तिला मोकळं सोडा. तिने तो खाल्ला, तर ती जखमेपर्यंतही पोचते. हे पहिल्याच दिवशी करून पाहा, म्हणजे चौथ्या दिवशीचा त्रास वाचतो. एकदा पाहून थांबू नका. बसलेली, एका कुशीवर पडलेली आणि भिंतीला टेकलेली, अशा तिन्ही स्थितींत पाहा. उभ्याने न पोचणारी मांजर भिंतीला कोन टेकवून सहज पोचते.

सॉफ्ट कोन कुठे हरतो

कापडी किंवा फोमच्या कोनाची पहिली अडचण म्हणजे लांबी. गळ्यात पट्टा जिथे बसतो तिथपासून नाकाच्या टोकापर्यंत मोजा आणि त्यात 2 ते 3 सेंटिमीटर मिळवा. एवढी कोनाची खोली हवी. तीन किलोच्या मांजरीला हे बहुधा 13 ते 15 सेंटिमीटरच्या घरात येतं. टाके पोटाच्या मधोमध असतील तर एवढ्याने भागतं. कुशीत टाके असतील तर मांजरीला फक्त मान बाजूला वळवायची असते, तेव्हा आणखी सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर वाढवा. हवा भरून फुगवायची गोल कॉलर मांजरीला जवळपास निरुपयोगी आहे. तिची पाठ इतकी लवचीक असते की त्या गोलावरून मान टाकून ती पोटापर्यंत जाते.

दुसरी अडचण जास्त छळते. सॉफ्ट कोन दुमडतो. तो मऊ असतो म्हणूनच मांजर त्यात झोपू शकते, आणि मऊ असतो म्हणूनच ती तो जमिनीवर दाबून चपटा करते. पाण्याच्या भांड्यात दोनदा बुडाला किंवा धुतला की त्याचा ताठपणा आणखी जातो. यावर उपाय घरातच असतो: जुना एक्स-रे. त्याच्या अडीच सेंटिमीटर रुंद आणि कोनाच्या खोलीपेक्षा दोन सेंटिमीटर कमी लांब अशा पाच-सहा पट्ट्या कापा. चारही कोपरे कात्रीने गोल करा, नाहीतर ते कापडातून बाहेर येऊन डोळ्याला लागतील. कोनाची शिवण थोडी उसवून दोन थरांच्या मध्ये या पट्ट्या उभ्या सरकवा, म्हणजे गळ्यापासून काठाकडे. प्रत्येकीच्या दोन्ही बाजूंना टाका घाला. फिल्म कुठेही उघडी राहता कामा नये, कारण मांजर ती चाटेल. असा कोन झोपताना थोडा दबतो, पण पूर्ण चपटा होत नाही.

तिसरी अडचण गळ्याची. नुसत्या वेल्क्रोवर बांधलेला कोन मांजर मागच्या पायाने दोन-चार झटक्यांत काढते. वेल्क्रोत केस अडकले की त्याची पकड आणखी कमी होते. कोनाच्या आतल्या काठाला लहान कड्या किंवा फासे असतात, ते शोभेसाठी नसतात. त्यांतून पाच सेंटिमीटर रुंदीचं गॉज बँडेज ओवून गळ्यात बांधा. बँडेज आणि मान यांच्यामध्ये तुमची दोन बोटं आडवी, किंचित अडखळत जायला हवीत. तीन बोटं सहज गेली तर कोन खांद्यावर सरकतो, उलटा पडतो आणि मांजरीचं तोंड मोकळं होतं. एकच बोट जात असेल तर तिचा गळा आवळतो. मान बारीक असेल तर बँडेजची दोन टोकं छातीवरून आडवी नेऊन काखेखालून पाठीवर बांधा. तिथेही दोन बोटांचा हिशेब, आणि काख रोज पाहायची. कापडाच्या काठाने तिथली कातडी लवकर सोलते.

कोन घातल्यावर मांजर खात नाही, ही घरातल्या मोठ्या माणसांची खरी काळजी असते. "काढ बाप्पा ते, जीव घाबरून रायला तिचा" असं म्हणून दुपारी कोणीतरी कोन काढतं, आणि त्याच अर्ध्या तासात एक टाका जातो. खात नसण्याचं कारण बरेचदा ताट असतं. परातीसारखं पसरट भांडं ठेवलं की कोनाचा काठ आधी भांड्याला टेकतो आणि तोंड अन्नापर्यंत जातच नाही. कोनाच्या तोंडापेक्षा लहान वाटी किंवा बशी घ्या आणि ती विटेवर ठेवा, म्हणजे कोन वाटीच्या बाहेरून खाली उतरतो. एवढं करूनही जमलं नाही तर समोर बसून कोन काढा, खाऊ घाला आणि उठण्याआधी परत बांधा. खाऊन झाल्यावर कोनाचा काठ ओल्या फडक्याने पुसा. दुधा-वरणाचा वास राहिला की मुंग्या लागतात, आणि मुंग्या कोनातून थेट टाक्यापर्यंत जातात. कोन असो वा सूट, मांजरीने 24 तास काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना कळवा. उपाशी मांजरीचं लिव्हर लवकर बिघडतं.

सूट कुठे हरतो

विकतचा सूट घेताना वजन पाहून साइज घेऊ नका. मानेच्या मुळापासून शेपटीच्या मुळापर्यंत पाठ मोजा आणि पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर मोजा. दोन साइजच्या मध्ये माप आलं तर छातीचा घेर जुळतो तो घ्या. सैल सूट पोटाखाली लोंबतो आणि मांजर मांडीच्या भोकातून तोंड आत घालते. घट्ट सुटाने काखेत आणि जांघेत कातडी लाल होते.

सूट घातल्यावर बऱ्याच मांजरी धाडकन आडव्या होतात किंवा मागे मागे सरकतात. पायात त्राण नाही असं वाटतं. अंगाला चारी बाजूंनी दाब लागल्याने ती थबकते, एवढंच. काही तासांत ती चालायला लागते. दुसऱ्या दिवशीही उठत नसेल, खात नसेल, लघवीला जात नसेल, तर सूट तिच्या कामाचा नाही. काढून कोनावर या.

सुटाची खरी हार तीन ठिकाणी होते. पहिली म्हणजे वरून चाटणं. हौजरीच्या एका थरातून लाळ लगेच आत जाते. जखमेवर येईल त्या जागी आतून मलमलीचा किंवा जुन्या सुती धोतराचा तळहाताएवढा दुहेरी तुकडा शिवून घ्या. याचा आणखी एक फायदा आहे. नायलॉनच्या टाक्याची टोकं हौजरीच्या विणीत अडकतात आणि सूट काढताना टाका ओढला जातो. मलमलीत ती तशी अडकत नाहीत. आपल्याकडे घरोघरी कापूस असतो म्हणून तिथे कापसाचा बोळा ठेवायचा मोह होतो. तो ठेवू नका. त्याचे तंतू ओल्या जखमेला चिकटतात आणि काढताना खपली निघते.

दुसरी म्हणजे लघवी. सुटाची मागची कड शेपटीखाली नीट वळलेली नसेल तर ती प्रत्येक वेळी भिजते. ओलं कापड जखमेला लागून राहिलं की कातडी पांढरी पडून फुगते आणि टाके सैल होतात. दर पाच-सहा तासांनी मागची कड हाताने तपासा. भिजली असेल तर बदला. म्हणजे सूट एक असून चालत नाही, किमान तीन हवेत: एक अंगात, एक दोरीवर, एक घडी करून तयार.

तिसरी हार सर्वांत घातक असते, कारण ती दिसत नाही. सुटाच्या आत काय चाललं आहे ते कळत नाही. पावसाळ्यात, आणि गोठा जवळ असेल तर बाराही महिने, माश्या ओलसर, वास येणाऱ्या कापडावर अंडी घालतात. ती तांदळाच्या कणीसारखी पांढरी असतात आणि एका दिवसाच्या आत त्यांतून अळ्या निघतात. म्हणून सकाळ-संध्याकाळ सूट उघडून चांगल्या उजेडात जखम पाहायचीच. अळ्या दिसल्या तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. ढोरांच्या जखमेत टाकतात ते टर्पेंटाइन किंवा गोचीड मारायचं औषध मांजरीवर टाकू नका. गोठ्यातल्या गोचिडाच्या औषधांत सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन यांसारखी द्रव्यं असतात. त्यांनी मांजरीला झटके येतात आणि ती दगावू शकते. म्हणून माश्यांसाठीही ती अंगावर फवारायची नाहीत.

सूट घरी शिवायचा तर

तालुक्याला सूट मिळेलच असं नाही आणि मागवायला चार दिवस जातात. तोवर चाटणं थांबणार नाही. मुलीच्या जुन्या सुती लेगिंगचा पाय याला सगळ्यांत चांगला, कारण तो ताणतो आणि परत आवळतो. तीन किलोच्या मांजरीचा छातीचा घेर साधारण 28 ते 32 सेंटिमीटर भरतो. ताण न देता 25-26 सेंटिमीटर घेर असेल असा भाग निवडा आणि 40 सेंटिमीटर लांब नळी कापा. अरुंद टोक गळ्याकडे.

गळ्याकडच्या टोकापासून चार सेंटिमीटरवर पुढच्या पायांची दोन भोकं करा. दोन्हींमध्ये पाच-सहा सेंटिमीटर अंतर ठेवा. कापडाची घडी करून दीड सेंटिमीटरचा काप द्या, ताणल्यावर ते पुरेसं मोठं होतं. पहिल्यांदाच मोठं भोक पाडलं तर खांदा बाहेर येतो आणि सूट फिरतो. मागच्या बाजूला दोन्ही कडांना दहा सेंटिमीटर उभी चीर द्या, म्हणजे पोटाचा एक पदर आणि पाठीचा एक पदर तयार होतो. पोटाच्या पदराला मधोमध उलट्या यू आकाराचा काप द्या, म्हणजे लघवीची जागा मोकळी राहील आणि दोन पट्ट्या उरतील. पाठीचा पदर शेपटीच्या मुळापर्यंत आखूड करून त्याच्या दोन टोकांनाही पट्ट्या ठेवा. पोटाची प्रत्येक पट्टी मांडीच्या आतून मागे घेऊन पाठीच्या त्याच बाजूच्या पट्टीला सरकगाठीने बांधा. गाठ कमरेवर, पाठीच्या बाजूला यायला हवी. पोटाकडे गाठ आली की मांजर दाताने ती सोडते. कापडाच्या कडा पिंजत असतील तर सुटलेले धागे कापून टाका. मांजर धागा गिळते आणि तो आतड्यात अडकतो.

कोणत्या दिवसांत काय वापरावं

विदर्भाच्या हवेत हा निर्णय ऋतू पाहूनच घ्यावा असं आमचं स्पष्ट मत आहे. एप्रिलपासून जूनच्या मध्यापर्यंत, टिनाच्या छपराखाली सूट घालून मांजर ठेवणं धोक्याचं आहे. मांजर अंग चाटून लाळेच्या ओलाव्याने स्वतःला गार करते. सूट ती सोयही काढून घेतो आणि वर एक थर चढवतो. मांजर तोंड उघडून धापा टाकत असेल तर क्षणभरही थांबू नका. सूट काढा, पंजे आणि कान साध्या पाण्याने ओले करा, कूलरच्या खोलीत न्या आणि डॉक्टरांना फोन लावा. या दिवसांत दिवसा कोन आणि पहाटेच्या गारव्यात वाटलंच तर सूट. ऑपरेशन टाळण्यासारखं असेल तर ते हिवाळ्यात करा. थंडीत सूट सुखाचा असतो, कपडे लवकर वाळतात आणि माश्याही कमी असतात. पावसाळ्यात सूट वाळत नाही, तेव्हा कोन मुख्य आणि सूट जोडीला.

दोन्ही एकदम वापरायला हरकत नाही. तिसऱ्या ते सातव्या दिवसापर्यंत, खाज जोरात असताना, हट्टी मांजरीला तेच लागतं. मात्र दोन्ही घातलेली मांजर घराबाहेर सोडू नका. कौलांवरून, तुऱ्हाट्यांच्या ढिगातून किंवा काटेरी तारेतून जाताना सूट अडकतो, आणि कोनामुळे तिला बाजूचं दिसत नाही, त्यामुळे कुत्र्यापासून निसटता येत नाही. एक खोली रिकामी करा. उंच कोठ्या आणि पोत्यांची थप्पी हलवा, कारण उडीने टाका ताणतो. शौचासाठी घमेल्यात माती किंवा कुटार घालू नका, ते जखमेला चिकटतं. फाडलेला वर्तमानपत्राचा कागद पुरतो. घरात दुसरी मांजर किंवा तिची मोठी झालेली पिल्लं असतील तर त्यांनाही लांब ठेवा. कोनातली मांजर स्वतः चाटू शकत नाही, पण दुसरी येऊन तिचे टाके चाटते. रात्री ओले केस दिसतात आणि कोन तर जागेवरच आहे, अशा वेळी हेच तपासा.

एक उदाहरण, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

समजा फेब्रुवारी आहे. तीन किलोची मांजर, डाव्या कुशीत नायलॉनचे तीन टाके, गळ्यात विकतचा सॉफ्ट कोन. चौथ्या दिवशी सकाळी वरच्या टाक्याचं एक टोक पिंजलेलं, केस ओले, लाली बोटभर. रेषा मात्र बंद आहे, पू नाही, वास नाही.

आधी जखम साफ करायची. मेडिकलमधून 100 मिलीची नॉर्मल सलाइन बाटली आणा, गॉजवर घेऊन लाळ टिपून काढा आणि कोरड्या गॉजने हलके दाबा. घासायचं नाही. हळद, खोबरेल, डेटॉल, स्पिरिट, फिनेल यांपैकी काही नाही. हळद-तेलाचा वास आणि चव मांजरीला तिथेच बोलावते, आणि डेटॉल-फिनेलसारखी द्रव्यं चाटण्यातून पोटात गेली की विष होतात. कडू स्प्रेही जखमेवर मारायचा नसतो, झोंबलं की ती जास्त चाटते.

मग मांडीवर तुकडा ठेवून परीक्षा घ्या. उभ्याने मांजर पोचली नाही, पण भिंतीला टेकून कोन चपटा केला आणि तुकडा खाल्ला. गळ्यात तीन बोटं सहज जातात. म्हणजे दोष दोन: ताठपणा नाही आणि गळा सैल. एक्स-रेच्या सहा पट्ट्या घालून, बँडेज ओवून दोन बोटांवर बांधलं. पुन्हा परीक्षा घेतली तेव्हा तुकडा तसाच राहिला, पण मांजर मान ताणून कोनाच्या काठाने जखम घासायला लागली. हे नवं दुखणं कोनामुळेच येतं आणि कुशीच्या टाक्यात हमखास दिसतं. इथे सुटाची गरज पडते. हवा गार आहे, म्हणून लेगिंगचा सूट, आतून मलमल, वर कोन. संध्याकाळी सूट उघडून पाहिलं: कापड कोरडं, केस कोरडे. सहाव्या दिवशी लाली रेषेपुरती आली. आठव्या दिवसापासून दिवसा तुम्ही समोर असताना फक्त सूट, रात्री दोन्ही. बाराव्या दिवशी टाके काढले.

हेच चौथ्या दिवशी वेगळं दिसलं असतं, तर वेळ न घालवता दवाखाना. टाक्यांमध्ये फट, पिवळा किंवा वास येणारा स्राव, 24 तासांनंतरही रक्ताचे थेंब, दाबल्यावर आत जाणारा मऊ फुगवटा, गुदद्वारात मोजलेला ताप 39.5 अंश सेल्सियसच्या वर, ही त्याची लक्षणं. रेषेखाली लागणारी कडक, न दुखणारी वळी मात्र बहुधा आतल्या टाक्यांची असते आणि दोन-तीन आठवड्यांत विरते. फट पडून आतलं काही बाहेर आलं असेल तर ते आत ढकलू नका. सलाइनने भिजवलेलं स्वच्छ फडकं वर ठेवा, दुपट्ट्यात मांजर गुंडाळून डोकं मोकळं ठेवा आणि निघा. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी फोन करून डॉक्टर आहेत का विचारा, ते गावभेटीला गेलेले असतात. जनावरांच्या हेल्पलाइनच्या 1962 या क्रमांकावरही सल्ला विचारता येतो. पोट उघडलेली मांजर असेल तर नागपूरचं किंवा अकोल्याचं पशुवैद्यकीय महाविद्यालय गाठण्याची तयारी ठेवा.

टाके काढल्यावर लगेच कोन फेकू नका. टाक्यांची बारीक भोकं उघडी असतात आणि मोकळी झालेली मांजर पहिलं काम त्यांच्यावरच करते. आणखी एक पूर्ण दिवस कोन ठेवा, मग तुमच्या नजरेसमोर तासभर काढून पाहा. ती सगळं अंग चाटत असेल आणि ओघात जखमेवरून जात असेल तर काढून टाका. फक्त त्या एका रेषेवरच परत परत जात असेल तर आत दोऱ्याची गाठ टोचत असण्याची शक्यता असते. कोन परत घाला आणि डॉक्टरांना ती जागा बोटाने चाचपून पाहायला सांगा.